शाळेच्या क्रीडादिनाची धोका-तपासणी यादी: ऊन, पाणी, साहित्य आणि देखरेख यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मिरज तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे. आमच्याकडे पाचवी ते दहावी मिळून ४२० मुलं आणि १८ शिक्षक. मैदान काळ्या मातीचं, एका कडेला लिंबाची चार झाडं आणि गेटसमोरून उसाच्या ट्रॉल्या जाणारा रस्ता. आजूबाजूच्या शाळांतले सर-बाई आमची यादी मागतात आणि मग तेच तेच प्रश्न फोनवर विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली.

धोका-तपासणी यादी म्हणजे नेमकं काय? सूचनाफलकावर लावतो त्या सूचना नव्हेत का?

नव्हेत. "मुलांची काळजी घ्यावी", "पाण्याची व्यवस्था करावी" ही वाक्यं यादीत लिहिली तर ती सूचनाच राहतात, कारण त्यात माणूस नाही आणि वेळ नाही. आमच्या यादीत प्रत्येक ओळीला चार रकाने आहेत: काय बिघडू शकतं, कुणाचं, ते होऊ नये म्हणून काय करायचं, आणि ते कोण किती वाजेपर्यंत करणार. पाण्याची आमची ओळ अशी आहे: "धावपट्टीच्या शेवटाला पाणी नसलं तर मुलं न पिताच पुढच्या शर्यतीला जातात. तिथे दोन जार आणि पेले. शिपाईमामा, सकाळी ७ पर्यंत. तपासणार: विज्ञानाच्या बाई, ७.१५." ही ओळ वाचून काम झालं की नाही हे कुणालाही सांगता येतं. ज्या ओळीबद्दल ते सांगता येत नाही, ती खोडा आणि पुन्हा लिहा.

फेब्रुवारीत कसलं आलंय ऊन? थंडी तर आत्ताच सरली.

हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि बहुतेक वेळा तो विचारणारा माणूस मांडवात बसणार असतो.

मोबाईलवर दिसणारं तापमान सावलीतल्या, हवा खेळती असलेल्या पेटीत मोजतात. आपली मुलं भर उन्हात, तापलेल्या काळ्या जमिनीवर उभी असतात, त्यामुळे त्यांना जाणवणारी उष्णता त्या आकड्यापेक्षा बरीच जास्त असते. दुसरं म्हणजे हवामान खातं मैदानी भागात उष्णतेची लाट जाहीर करतं ती कमाल तापमान किमान ४० अंशांवर पोचल्यावर. म्हणजे ३४ अंशांना कुठलाही इशारा येत नाही. पण धावणाऱ्या मुलाच्या शरीरात स्नायू स्वतःच उष्णता तयार करत असतात, आणि त्यात पूर्ण बाह्यांचा पॉलिस्टरचा ड्रेस असला की ती बाहेर पडायला जागा उरत नाही.

तिसरी गोष्ट थंडी सरण्याचीच. शरीराला उन्हाची सवय व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. फेब्रुवारीत दुपारचा पारा आठवडाभरात चढतो आणि मुलं अजून हिवाळ्यातच असतात. तेच ३४ अंश एप्रिलमध्ये त्यांना कमी बाधतात.

आम्ही शाळेपुरता एक नियम केला आहे. तो सरकारी नाही, आमचाच आहे. लिंबाच्या झाडाला साधा थर्मामीटर टांगलेला असतो. सावलीत ३० अंश झाले की १५०० मीटर आणि त्याहून लांबच्या शर्यती बंद. ३३ झाले की मैदानावरचं सगळं बंद, मुलं वर्गात. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये क्रीडादिन घेणाऱ्या शाळांनी दोन्ही आकडे दोन-तीन अंशांनी खाली आणावेत, कारण हवेत दमटपणा असला की घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग निवत नाही.

सगळ्यात धोक्याची स्पर्धा कोणती? लांब पल्ल्याची धाव?

माझ्या अनुभवात स्पर्धाच नाही. उद्घाटन.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका शाळेत होतो. संचलनाची वेळ आठची, पाहुणे आले सव्वानऊला. मुलं तोवर रांगेत "विश्राम"मध्ये उभी. लेझीम पथकातल्या मुली नऊवारी, फेटा अशा पूर्ण पोशाखात सातपासून तयार होत्या. पाहुणे आले, सत्कार झाले, भाषण सुरू झालं आणि पहिली मुलगी खाली बसली. मग दुसरी. तिसरी सरळ तोंडावर पडली, दात ओठात रुतला. तोवर एकही शर्यत झालेली नव्हती.

याचं कारण साधं आहे. स्तब्ध उभं राहिलं की पोटऱ्यांचे स्नायू हलत नाहीत, रक्त पायांत साचतं. उन्हामुळे कातडीखालच्या रक्तवाहिन्या आधीच फुगलेल्या असतात. मेंदूला रक्त कमी पडतं आणि मूल कोसळतं. त्यात निम्म्या मुलांनी सकाळी चहा-बिस्किटावर एसटी पकडलेली असते. २०२३ च्या एप्रिलमध्ये खारघरला उन्हामुळे माणसं दगावली, ती धावत नव्हती, कार्यक्रमाला उघड्यावर बसलेली होती. बसणं किंवा उभं राहणं म्हणजे विश्रांती, हा समज यादी करताना पहिल्यांदा सोडावा लागतो.

आता आमच्या यादीची पहिलीच ओळ अशी: रांगेत उभं राहायची मर्यादा १५ मिनिटं. पाहुणे गेटमधून आत आल्याशिवाय मुलं सावलीतून उठत नाहीत. भाषण मुलं बसल्यावर, आणि बसायला जागा मांडवात. मांडव आधी मुलांसाठी, उरला तर आमच्यासाठी. लेझीम पहिल्या अर्ध्या तासात होते आणि फेटे मैदानात उतरण्याच्या पाच मिनिटं आधी बांधतात. फेटे बांधणाऱ्यांची यावर नाराजी असते, कारण एवढ्या वेळात चाळीस फेटे होत नाहीत. म्हणून आम्ही पथक चोवीसवर आणलं आणि बांधायला आठ माणसं बोलावतो.

भोवळ आली की उष्माघात झाला, हे कसं ओळखायचं?

मुलाशी बोलून. साध्या भोवळीत मूल आडवं झाल्यावर मिनिटभरात भानावर येतं. पाय थोडे वर उचलून धरा, सावलीत ठेवा, पूर्ण शुद्ध आल्यावर घोट घोट पाणी द्या. उन्हाने दमलेल्या मुलाला मळमळतं, डोकं दुखतं, पायात गोळे येतात, पण ते तुमच्या प्रश्नांना नीट उत्तर देतं. त्याला सावलीत न्या, बूट-मोजे काढा, अंगावर पाणी मारा आणि पुन्हा खेळायला सोडू नका. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही तर दवाखाना.

उष्माघातात डोकं चालत नाही. मूल असंबद्ध बोलतं, कारण नसताना चिडतं, शिक्षकांना ओळखत नाही, झोकांड्या खातं, झटके येतात किंवा बेशुद्ध पडतं. आम्ही तीन प्रश्न ठरवून ठेवले आहेत: तुझी तुकडी कोणती, आत्ता कोणती शर्यत झाली, वर्गशिक्षक कोण. उत्तर चुकलं आणि अंग तापलेलं असलं तर उष्माघात धरून चालायचं.

दोन गोष्टी फसवतात. उष्माघातात कातडी कोरडी असते असं पुस्तकात वाचलेलं असतं, पण धावता धावता झालेल्या उष्माघातात मूल घामाने निथळत असू शकतं. आणि काखेतला थर्मामीटर अशा वेळी खरं तापमान दाखवत नाही, बरंच कमी दाखवतो. त्याचा आकडा बघून निर्धास्त होऊ नका.

उष्माघात वाटला तर आधी गाडीत घालायचं ना?

आधी अंग थंड करायचं, दवाखाना नंतर. एका माणसाने लगेच १०८ ला फोन करायचा, पण बाकीच्यांनी गाडीची वाट बघत उभं राहायचं नाही. शरीराचं तापमान पहिल्या अर्ध्या तासात खाली आलं तर मूल वाचण्याची शक्यता फार चांगली असते. तो अर्धा तास मिरजेच्या रस्त्यावर ट्रॉलीच्या मागे घालवू नका.

आमच्या लिंबाखाली एक ताडपत्री, शंभर लिटर पाणी भरलेलं पिंप आणि खोक्यात भुशात ठेवलेली बर्फाची लादी असते. ताडपत्री एका पालकाची, बेदाण्याच्या शेडवरची, आणि ती दरवर्षी हक्काने येते. मुलाला ताडपत्रीच्या मध्ये झोपवायचं, चौघांनी चार कडा उचलून तिची खोळ करायची, पाचव्याने पाणी आणि फोडलेला बर्फ ओतायचा. एकाने काखेत हात घालून डोकं आणि तोंड पाण्याच्या वर धरायचं, त्याने दुसरं काहीही करायचं नाही. कडा हलवत राहायच्या, म्हणजे अंगालगतचं कोमट झालेलं पाणी सरकतं. दहा-पंधरा मिनिटं, किंवा मूल नीट बोलायला लागेपर्यंत, किंवा रुग्णवाहिकेतले डॉक्टर ताबा घेईपर्यंत. त्याच्याबरोबर जाणाऱ्या शिक्षकाने किती वाजता कोसळलं आणि किती वेळ थंड केलं हे कागदावर लिहून न्यावं.

ताडपत्री नसेल तर बर्फाच्या पाण्यात भिजवलेले टॉवेल डोकं, मान, काखा, जांघा आणि पोटावर ठेवा आणि दर दोन मिनिटांनी बदला. एकदा ठेवलेला टॉवेल तसाच राहिला तर तो गरम होऊन उलट पांघरुणाचं काम करतो.

काय करू नये? शुद्ध हरपत असलेल्या मुलाच्या तोंडात पाणी किंवा ग्लुकोज ओतू नये, ते श्वासनलिकेत जातं. तापाची गोळी देऊ नये, हा ताप तसा नव्हे. आणि कांदा फोडून नाकाला लावू नये. कांदा शोधायला गावात मुलगा धाडतात, त्यात पाच मिनिटं जातात आणि हाती काही लागत नाही.

४२० मुलांना पाणी किती लागतं?

हा हिशोब आम्ही खरोखर मांडला, कारण आधी "दहा जार पुरतील" असं अंदाजाने चालायचं.

नऊ ते बारा वर्षांच्या मुलाला खेळताना दर वीस मिनिटांनी १०० ते २५० मिलिलिटर पाणी लागतं. मोठ्या मुलांना जास्त, पण दिवसभर प्रत्येक मूल धावत नसतं. म्हणून सरसकट तासाला अर्धा लिटर धरला. कार्यक्रम साडेतीन तासांचा, म्हणजे डोई पावणेदोन लिटर, ४२० मुलांचे ७३५ लिटर. प्रत्येकाने घरून एक लिटरची भरलेली बाटली आणायची, ते ४२० वजा. उरले ३१५. शिक्षक, पालक, पाहुणे मिळून साठजण, त्यांचे १०५. झाले ४२०. सांडलवंड आणि बाटली विसरलेली मुलं धरून ५०० लिटर, म्हणजे २० लिटरचे २५ जार. ताडपत्रीचं शंभर लिटर यात नाही, ते वेगळं, आणि त्याला कुणी हात लावायचा नाही.

जारइतकंच महत्त्व जागेला आहे. मूल पाण्यासाठी पन्नास पावलं चालत नाही, विशेषतः त्याची शर्यत पुकारली जाणार असेल तर. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना, गोळाफेकीजवळ, मांडवात आणि लहान वर्गांच्या बसण्याच्या जागी अशी पाच ठिकाणं केली आहेत. दर वीस मिनिटांनी निवेदक पाण्याची सुट्टी पुकारतो. पिण्याचं पाणी पिंपात भरून ठेवत असाल तर ते काढायला लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. पेला बुडवून घेतला की दहा मिनिटांत चाळीस हात त्या पाण्यात जाऊन येतात.

सगळ्या मुलांना ओआरएस किंवा ग्लुकोज द्यावं का?

गरज नाही. साडेतीन तासांच्या कार्यक्रमात साधं पाणी आणि दहा वाजता केळं किंवा शेंगदाण्याचा लाडू पुरतो. ओआरएस गोळे आलेल्या, उलटी झालेल्या किंवा लांब पल्ल्याला धावलेल्या मुलांसाठी. पाकीट किती पाण्याचं आहे ते वाचा. काही पाकिटं लिटरची असतात, काही २०० मिलिलिटरची, आणि मोठं पाकीट पेल्यात ओतलं तर मिठाचं प्रमाण पाचपट होतं. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. लिंबू पिळा, मुलं आवडीने पितात. उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरू नका.

उलट टोकही सांगून ठेवतो. तहान नसताना "पी, पी" म्हणून लिटरच्या लिटर पाणी पाजू नका. रक्तातलं मीठ पातळ होऊनही मूल गुंगतं, आणि ते लक्षण उष्माघातासारखंच दिसतं.

मैदानात काय तपासायचं?

कृष्णाकाठच्या शाळांना हा प्रश्न वेगळा समजावून सांगावा लागत नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि जानेवारीपासून भेगाळते. त्या भेगेत पाचवीतल्या मुलाचं पाऊल टाचेपर्यंत सहज जातं. आदल्या दिवशी नुसतं पाणी मारलं तर वरचा थर निसरडा होतो आणि भेग खाली तशीच राहते. आम्ही पंधरा दिवस आधी धावपट्टीच्या भेगांत बारीक मुरूम भरतो, पाणी मारतो, वाळू देतो आणि रोलर फिरवतो. हे दोनदा करावं लागतं, कारण पहिल्यांदा भरलेला मुरूम बसतो.

क्रीडादिनाच्या सकाळी दोन शिक्षक धावपट्टीवरून अनवाणी चालतात. हसू नका. बाभळीचा काटा, काच आणि तारेचा तुकडा डोळ्यांपेक्षा तळव्यांना आधी सापडतो. निम्मी मुलं अनवाणीच धावणार असतात.

लांब उडीच्या हौद्यातली वाळू वर्षभरात दगडासारखी बसते, शिवाय रात्री कुत्री तिथे येतात. फावड्याने फूटभर खोल उकरून, चाळून, दाताळ्याने सारखी करा.

रेषा आखायला चुना चालेल का?

नाही. फक्कीच वापरा. चुना डोळ्यात गेला तर बुबुळ भाजतं, आणि रेषेवर पडणारं मूल तोंडावरच पडतं. चुकून गेलाच तर डोळा उघडा धरून वाहत्या पाण्याने किमान वीस मिनिटं धुवा, मग डोळ्यांचे डॉक्टर.

गोळाफेक आणि रस्सीखेच यांत इजा कशी टाळायची?

गोळ्याने इजा होते ती फेकणाऱ्यामुळे कमी, गोळा आणायला धावणाऱ्या मुलामुळे जास्त. म्हणून गोळा परत फेकायचा नाही, हातात धरून चालत आणायचा, आणि तो वर्तुळाजवळ पोचेपर्यंत पुढच्याने हात लावायचा नाही. क्षेत्र आखायला कोनमापक लागत नाही: वर्तुळाच्या मध्यापासून दोन दोऱ्या वीस वीस मीटर ताणा आणि त्यांच्या टोकांमधलं अंतर बारा मीटर ठेवा. नियमातला ३४.९२ अंशांचा कोन आपोआप मिळतो. त्या रेषांच्या बाहेर पाच पावलांवर दोर बांधा आणि दोराच्या आत फक्त दोन पंच.

रस्सीखेचीत दोर हाताला किंवा कमरेला गुंडाळायचा नाही, टोकाला फास करायचा नाही. झटका बसला की गुंडाळलेली बोटं सुटत नाहीत. दोर सुती किंवा तागाचा, जाड हवा. गोठ्यातला नायलॉनचा दोर ताणला जातो आणि तुटला तर चाबकासारखा मागे येतो. १९९७ साली तैपेईत मोठ्या रस्सीखेचीत दोर तुटून दोघांचे हात तुटले होते. दोन्ही बाजूंना आठ-आठ मुलं, हौशी पालकांना मागून धरू द्यायचं नाही.

आमच्याकडे अठरा शिक्षक आहेत. देखरेखीला एवढे भरपूर झाले ना?

आम्हालाही तसंच वाटायचं. मग एका वर्षी नावं लिहून काढली. निवेदन एक, पाहुण्यांचं स्वागत आणि सत्कार तीन, प्रमाणपत्रं दोन, फोटो एक. सात गेले. उरलेल्या अकरांत गोळाफेक दोन, लांब उडी एक, शर्यतीची सुरुवात एक, अंतिम रेषा दोन, पाणी एक, प्रथमोपचार एक आणि बसलेल्या वर्गांपाशी तीन. अकरा संपले. गेटवर कुणी नाही, स्वच्छतागृहाकडे कुणी नाही, आणि गेटबाहेर उसाच्या ट्रॉल्या.

उपाय शिक्षक वाढवणं नव्हे, कारण ते येणार कुठून? आम्ही गोळाफेक आणि लांब उडी आदल्या दिवशी दुपारी चारनंतर उरकली. तीन शिक्षक मोकळे झाले: एक गेटवर, एक स्वच्छतागृहाकडे, एक राखीव. राखीव शिक्षकाला काहीच काम नसतं आणि तेच त्याचं काम. मूल पडलं की प्रथमोपचाराच्या बाई त्याच्याजवळ जातात आणि बाईंची जागा तो घेतो. पालक मदतीला चालतात, पण पाणी आणि रांगा यांसाठीच, आणि त्यांच्या छातीवर नावाची पट्टी हवी.

अंतिम रेषेवरच्या शिक्षकाच्या हातात मोबाईल नको. रेषा ओलांडल्यावर पुढच्या दोन मिनिटांत कोण झोकांडतंय हे त्यालाच दिसणार असतं.

पालकांकडून कोणती माहिती घ्यावी?

संमतीपत्रात दमा, फिट, हृदयाचा आजार, मधुमेह आणि सुरू असलेली औषधं विचारा. पण सगळ्यात उपयोगी प्रश्न शेवटचा: गेल्या आठ दिवसांत ताप किंवा जुलाब झाले होते का? असं मूल उन्हात लवकर कोसळतं, आणि ते स्वतःहून सांगत नाही कारण त्याला धावायचं असतं. दम्याचा पंप दप्तरात नाही, प्रथमोपचाराच्या टेबलावर नाव लिहून.

फटाके, धूर, आग्या मोहोळ?

आदल्या दिवशी मान वर करून झाडं आणि इमारतीच्या गॅलऱ्या बघा. मोहोळ दिसलं तर कार्यक्रम त्या बाजूला नको. फटाक्यांची माळ कुठेच नको.

कार्यक्रम थांबवायचा निर्णय कोणाचा?

एकाच माणसाचा, आणि त्याचं नाव यादीत वर लिहिलेलं. ते नाव मुख्याध्यापकांचं नसावं असं माझं मत आहे. मुख्याध्यापक पाहुण्यांशेजारी बसलेले असतात, संस्थेचे पदाधिकारी समोर असतात, आणि ३३ अंश झालेत हे सांगायला त्यांना अवघड जातं. आमच्याकडे हा अधिकार प्रथमोपचाराच्या बाईंना आहे. मुख्याध्यापकांनी तो आठ दिवस आधी सही करून दिलेला असतो, आणि निमंत्रणपत्रिकेवरच छापलेलं असतं की कार्यक्रम ७.३० ला सुरू होईल आणि ११ ला संपेल. पाहुणे उशिरा आले तर शर्यती आधी सुरू होतात, उद्घाटन मध्येच कुठेतरी होतं. पहिल्या वर्षी एक-दोघांची भुवई उंचावली. दुसऱ्या वर्षी पाहुणे सात पंचविसाला गेटवर होते.

यादी नंतर कुठे ठेवायची?

एक प्रत निवेदकाच्या टेबलावर, एक गेटवर. गेटवरच्या प्रतीच्या मागे १०८ ला सांगायचा पत्ता खुणांसकट लिहिलेला असतो, आणि रुग्णवाहिका येईल त्या गेटसमोर दुचाक्या लावू देत नाहीत. संध्याकाळी त्याच कागदावर काय झालं ते लिहा. आमच्या गेल्या वर्षीच्या कागदावर असं आहे: "जार २५ मागवले, ६ उरले. तरी पाचवीची मुलं मागच्या नळावर गेली. त्यांच्या बाजूचा जार मांडवाच्या खांबामागे होता, त्यांना दिसलाच नाही."